फोटोतल्या सेलचं उत्तर जुळत नाही: ०.२८ ऐवजी ०.६४, १.०८ किंवा ऋण का येतं?

पाटीवर किंवा पुस्तकात काढलेल्या गॅल्व्हानिक सेलचा फोटो येतो, त्यावरून विभव काढायचं असतं, आणि उत्तर काही केल्या जुळत नाही. या तक्रारीमागे नेहमी त्याच पाच-सहा चुका असतात. चांगली गोष्ट अशी की चुकीचा आकडाच बहुतेक वेळा सांगतो की चूक कुठे झाली. म्हणून आधी लक्षणं, मग तपासण्या.

उदाहरण म्हणून एकच आकृती धरू. डावीकडच्या बीकरमध्ये चांदीची पट्टी, सिल्व्हर नायट्रेट ०.००१० M. उजवीकडे तांब्याची पट्टी, कॉपर नायट्रेट १.० M. मध्ये सॉल्ट ब्रिज, वर व्होल्टमीटर, तापमान २५ अंश सेल्सिअस. तक्त्यातली प्रमाण विभवं चांदीसाठी +०.८० V आणि तांब्यासाठी +०.३४ V. बरोबर उत्तर ०.२८ V.

लक्षणं

- ०.६४ आलं: Q उलटा मांडला आहे.
- ०.३७ आलं: चांदीच्या संहतीचा वर्ग राहिला.
- १.०८ आलं: चांदीचं ०.८० दुप्पट केलं.
- ०.९६ आलं: दोन विभवांची वजाबाकी करायच्या ऐवजी बेरीज केली.
- ०.०५ आलं: ०.०५९२ सोबत log ऐवजी ln चं बटण दाबलं.
- ०.१० आलं: n ला १ धरलं, किंवा फोटोत Cu²⁺ चं Cu⁺ वाचलं.
- ०.३४ किंवा ०.४० आलं: चांदीच्या संहतीतली शून्यं कमी वाचली.
- −०.२८ आलं: ही कदाचित चूक नाहीच. खाली दुसरी तपासणी बघा.

पहिली तपासणी: फोटो नीट वाचला का?

फुकटची तपासणी आहे आणि सगळ्यात जास्त वेळा इथेच घोळ निघतो. मोबाइलवर पाठवलेला फोटो दाबला जातो आणि सर्वात आधी बळी जातो तो बारीक गोष्टींचा, म्हणजे दशांश चिन्हाचा आणि आयनाच्या डोक्यावरच्या भाराचा. फोटो पुन्हा मागवायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, मूळ फाइल न दाबता येते.

दशांश चुकला की उत्तरातला फरक ठराविक येतो. चांदीच्या संहतीत दशांश एक घर सरकला की विभव ०.०५९ V ने हलतं, कारण चांदीचा आयन एकच इलेक्ट्रॉन घेतो. तांब्याच्या संहतीत तेवढीच चूक झाली तर ०.०३० V ने हलतं, कारण तिथे दोन इलेक्ट्रॉन आहेत. तुमचं उत्तर आणि उत्तरसूची यांत नेमका ०.०५९ किंवा ०.११८ चा फरक असेल तर गणित परत करत बसू नका, सरळ फोटोतली चांदीची शून्यं मोजा. फरक ०.०३० असेल तर तांब्याचं लेबल बघा. तिथे १.० चं ०.१ किंवा १० वाचलं गेलं असेल.

भार पुसट असेल तर रसायनशास्त्राची मदत घ्या. कॉपर नायट्रेटच्या साध्या पाण्यातल्या द्रावणात Cu⁺ टिकत नाही, त्याचं लगेच अर्धं तांबं आणि अर्धं Cu²⁺ होतं. त्यामुळे बीकर निळा रंगवलेला असेल किंवा लेबल नायट्रेटचं असेल तर तो २+ च समजा. Cu⁺ वाचणाऱ्याला एक फसवं समाधानही मिळतं: Cu⁺ चं प्रमाण विभव ०.५२ आहे, ०.८० मधून ते गेलं की थेट ०.२८ उरतं. प्रमाण विभवाच्या पायरीलाच उत्तरसूचीतला आकडा दिसला की माणूस संहतीची दुरुस्ती करायची सोडून देतो. लोखंडाच्या बाबतीत मात्र असा आधार मिळत नाही. Fe²⁺ आणि Fe³⁺ दोन्ही द्रावणात सुखाने राहतात, तिथे भार दिसलाच पाहिजे.

दुसरी तपासणी: कॅथोड कोणता, हे कशावरून ठरवलं?

«डावीकडचा ॲनोड» हा नियम आकृतीचा नाही, ओळीत लिहिलेल्या सेलचा आहे. `Ag | Ag⁺ || Cu²⁺ | Cu` अशी ओळ छापलेली असेल तर उजवीकडच्या विभवातून डावीकडचं वजा करायचं आणि उत्तर −०.२८ येतं. ते बरोबरच आहे. ऋण चिन्हाचा अर्थ एवढाच की ओळीत सुचवलेली अभिक्रिया आपोआप होणार नाही, तिची उलट होईल. पण फोटोत नुसते दोन बीकर असतील तर कोणता कुठे ठेवला याला काही अर्थ नाही. आकृती काढणाऱ्याला चांदी डावीकडे बरी दिसली, एवढंच. अशा वेळी ज्याचं विभव जास्त तो कॅथोड, आणि सेलचं विभव धन.

फोटोत व्होल्टमीटरचा आकडा दिसत असेल तर तारा बघा. लाल तार कॅथोडला आणि काळी ॲनोडला असेल तर आकडा धन दिसतो. तारा उलट लावल्या तर तोच सेल −०.२८ दाखवतो, सेलमध्ये काही बदललेलं नसतं. वायरवर बाण असेल तर तो e⁻ चा आहे की I चा, हेही वाचा. इलेक्ट्रॉन ॲनोडकडून कॅथोडकडे जातात, प्रवाहाचा बाण त्याच्या उलट काढतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांची इथे आणखी एक अडचण होते. विद्युत अपघटनाच्या धड्यात ॲनोड म्हणजे धनाग्र आणि कॅथोड म्हणजे ऋणाग्र असं पाठ झालेलं असतं, आणि तिथे ते खरंही असतं. गॅल्व्हानिक सेलमध्ये ॲनोड हे ऋण टोक असतं. शब्दाने गोंधळ होत असेल तर धनाग्र-ऋणाग्र बाजूला ठेवा आणि एवढंच धरा: जिथे ऑक्सिडीकरण होतं तो ॲनोड, जिथे क्षपण होतं तो कॅथोड. हे दोन्हीकडे खरं राहतं.

याच तपासणीत सॉल्ट ब्रिजवर नजर टाका. चांदीच्या बीकरमध्ये बुडालेल्या ब्रिजवर KCl लिहिलं असेल तर आकृतीच सदोष आहे. क्लोराइड आणि चांदीचे आयन भेटले की पांढरा साका बसतो, द्रावणातली चांदी घटते आणि लेबलवरची संहती खरी राहत नाही. घट किती होऊ शकते ते बघा: चांदीच्या बीकरमध्ये क्लोराइड १ M झालं तर विरघळलेली चांदी जेमतेम १.८×१०⁻¹⁰ M उरते आणि चांदीचं विभव ०.८० वरून ०.२२ वर येतं. म्हणजे तांब्याच्या खाली! सेल चक्क उलटा चालेल. म्हणून चांदीच्या सेलला पोटॅशियम नायट्रेटचा ब्रिज लावतात. गणिताच्या प्रश्नात ब्रिजकडे दुर्लक्ष करून लेबलवरची संहती वापरा. प्रयोगशाळेत मात्र दुर्लक्ष करू नका.

तिसरी तपासणी: प्रमाण विभवाला कशानेही गुणलं का?

अभिक्रिया संतुलित करताना चांदीच्या अर्ध्या अभिक्रियेला दोनाने गुणावं लागतं, आणि हात आपोआप ०.८० लाही गुणतो. १.०८ हे उत्तर तिथूनच येतं. विभव म्हणजे प्रत्येक कूलॉम भारामागची ऊर्जा. अभिक्रिया दुप्पट केली की ऊर्जा दुप्पट होते, भारही दुप्पट होतो आणि भागाकार तोच राहतो. दोनाचा हिशेब नंतर ΔG काढताना n मधून येतोच, त्यामुळे इथे गुणणं म्हणजे तेच दोनदा मोजणं.

तक्ता क्षपण विभवांचा असेल तर चिन्ह बदलण्याच्या भानगडीतही पडू नका. कॅथोडचं वजा ॲनोडचं, दोन्ही तक्त्यात जसे आहेत तसे: ०.८० − ०.३४ = ०.४६ V. चिन्ह आधी बदलायचं आणि मग पुन्हा वजा करायचं, असं झालं की बेरीज होते आणि ०.९६ वर गाडी पोचते.

चौथी तपासणी: Q, n आणि log

खरी अभिक्रिया अशी आहे, आणि Q तिच्यावरूनच लिहायचा:

```
Cu + 2Ag⁺ → Cu²⁺ + 2Ag        n = 2
Q = [Cu²⁺] / [Ag⁺]² = 1.0 / (0.0010)² = 10⁶
E = 0.46 − (0.0592/2) × log(10⁶)
  = 0.46 − 0.1776 = 0.2824 V
```

घन तांबं आणि घन चांदी Q मध्ये येत नाहीत. वर तयार होणारा आयन, खाली खर्च होणारा, आणि समीकरणातला आकडा घातांक म्हणून. उलटा मांडला तर वजा ०.१७७६ च्या जागी अधिक ०.१७७६ होतं आणि ०.६४ येतं. हे न मोजताही ओळखता येतं. कॅथोडकडचं द्रावण फार पातळ आहे, म्हणजे क्षपणाला कच्चा माल कमी. विभव ०.४६ पेक्षा खालीच यायला हवं. दुरुस्तीनंतर ते वाढलं असेल तर Q बघा.

एक चूक मात्र या उदाहरणात लपते. n ला १ धरलं आणि वर्गही विसरलं, तर ०.०५९२ × ३ पुन्हा ०.१७७६ च होतं आणि उत्तर ०.२८ बरोबर येतं. कारण तांबं नेमकं १.० M आहे. तांब्याची संहती ०.०१० M असती तर बरोबर उत्तर ०.३४ आलं असतं आणि हा मार्ग ०.४० दाखवून बसला असता. उत्तर जुळलं म्हणून रीत बरोबर, असं समजू नका.

Q चा घोळ वारंवार होत असेल तर Q लिहूच नका. प्रत्येक बीकरचं विभव वेगळं काढा आणि शेवटी वजाबाकी करा:

```
Ag :  0.80 + 0.0592 × log(0.0010)     = 0.6224 V
Cu :  0.34 + (0.0592/2) × log(1.0)    = 0.3400 V
फरक                                   = 0.2824 V
```

या रीतीत वर्ग नाही, उलटसुलट नाही, आणि कॅथोड कोणता हे संहती धरून ठरतं. पडताळ्यासाठी हीच रीत सांगावीशी वाटते. log मात्र दहाच्या पायाचा घ्या. ०.०५९२ मध्ये २.३०३ चा गुणाकार आधीच झालेला आहे, वर ln वापरला की तो दुसऱ्यांदा होतो. आणि हा आकडा २५ अंशांचा आहे. ३५ अंशांना तो ०.०६११ होतो, पण मग तक्त्यातली विभवंही २५ अंशांचीच आहेत हे लक्षात ठेवा. प्रश्नात तापमान दिलं नसेल तर २५ च धरा.

पाचवी तपासणी: «आपोआप होईल का» हे कोणत्या आकड्यावरून ठरवलं?

ज्या संहती दिल्या आहेत, त्या संहतींना काय होईल हे E सांगतो, E° नाही. चांदी-तांब्याच्या सेलमध्ये फरक पडत नाही: E ०.२८ आहे, ΔG = −२ × ९६४८५ × ०.२८२४, म्हणजे सुमारे −५४.५ kJ. E° वापरलं असतं तर −८८.८ kJ आलं असतं. आकडा चुकला, पण निष्कर्ष तोच. हा सेल संहतीने उलटवायचा तर चांदी १.७×१०⁻⁸ M पर्यंत उतरवावी लागेल. म्हणूनच या सवयीची चूक पकडली जात नाही, आणि मग कथील-शिशाची आकृती येते.

त्या आकृतीत कथलाची पट्टी Sn²⁺ ०.५० M मध्ये, शिशाची पट्टी Pb²⁺ ०.००१० M मध्ये. प्रमाण विभवं −०.१४ आणि −०.१३. तक्ता पाहून शिसं कॅथोड, E° = +०.०१, «उत्स्फूर्त» असं लिहून लोक मोकळे होतात. आता दोन्ही बीकर वेगळे मोजा. कथलाचं विभव −०.१४ वरून −०.१४९ होतं, शिशाचं −०.१३ वरून थेट −०.२१९. कथील वर गेलं! शिसं कॅथोड धरून लिहिलेल्या अभिक्रियेसाठी E = −०.०७ V आणि ΔG सुमारे +१३.५ kJ. ती अभिक्रिया या संहतींना होणार नाही. प्रत्यक्षात शिसं विरघळेल आणि कथील पट्टीवर बसेल.

E° आणि E यांची चिन्हं वेगळी आली म्हणून घाबरून मागे जाऊ नका. या सेलचा समतोल स्थिरांक जेमतेम २.२ आहे, आणि Q आहे ५००. Q स्थिरांकापेक्षा मोठा म्हणजे अभिक्रिया उलट. अंगठ्याचा नियम हवा असेल तर हा घ्या: E° ०.१ V च्या आत असेल तर संहतीचं गणित झाल्याशिवाय उत्स्फूर्त हा शब्द लिहू नका.

एक बारकावा. −०.१४ आणि −०.१३ हे पूर्णांकित आकडे आहेत, अधिक दशांशांच्या तक्त्यात −०.१३७५ आणि −०.१२६२ मिळतात. दोन तक्त्यांतून एकेक आकडा उचलला तर ०.०१ चा फरक गायबही होऊ शकतो. दोन्ही विभवं एकाच तक्त्यातून घ्या, प्रश्नासोबत तक्ता दिला असेल तर त्याच्याच.

सहावी: गणित बरोबर, पण मीटर वेगळा आकडा दाखवतो

फोटो खऱ्या सेलचा असेल आणि मीटर पाच-दहा मिलिव्होल्ट वेगळं दाखवत असेल तर सोडून द्या. चाळीस-पन्नासचा फरक असेल तर तो बहुधा संहती आणि सक्रियता यांच्यातला आहे. आपण Q मध्ये मोलॅरिटी टाकतो, द्रावणात प्रत्यक्ष चालते ती सक्रियता. १ M कॉपर सल्फेटमध्ये सक्रियता गुणांक सुमारे ०.०४ असतो, म्हणजे तांब्याचं विभव ०.३४ ऐवजी ०.३० च्या आसपास भरतं. मग डॅनियल सेल १.१० V इतका नेमका कसा दाखवतो? कारण १ M झिंक सल्फेटचा गुणांकही जवळपास तेवढाच आहे, दोन्ही बाजूंची घसरण सारखी होते आणि वजाबाकीत निघून जाते. चांदी-तांब्याच्या सेलमध्ये तशी सोय नाही, एक बाजू पातळ आणि दुसरी दाट. म्हणून मोजून पडताळा घ्यायचा असेल तर दोन्ही द्रावणं ०.०१० M किंवा त्याहून पातळ घ्या आणि पट्ट्या सँडपेपरने घासून घ्या.

इथे थांबा आणि विचारा

संहतीचं किंवा भाराचं लेबल फोटोच्या चौकटीबाहेर कापलं गेलं असेल तर अंदाजाने १ M भरू नका. ज्यांनी प्रश्न दिला त्या सरांकडून किंवा मॅडमकडून मूळ आकृती मागा. लेबलवर अमोनिया, सायनाइड किंवा EDTA दिसला तरी थांबा. धातूचा आयन त्यांच्याशी बांधला जातो, मोकळ्या आयनाची संहती लेबलवर नसते आणि ती काढायला त्या संयुगाचा स्थायित्व स्थिरांक लागतो. परमँगनेट किंवा डायक्रोमेटचा अर्धा सेल असेल आणि आम्लाची संहती दिलेली नसेल, तर Q पुरा होऊच शकत नाही.

प्रयोगशाळेत ब्रिजचं टोक पांढरं पडलं, किंवा मीटरचा आकडा सतत खाली सरकत राहिला, तर तिथल्या सहायकांना बोलवा. ब्रिज स्वतः उपसून दुसऱ्या बीकरमध्ये बुडवू नका. सिल्व्हर नायट्रेट हाताला लागलं तर काळे डाग पडतात आणि काही दिवस जात नाहीत. चांदीच्या द्रावणात कुणी अमोनिया घातला असेल तर ते उद्यासाठी बाटलीत ठेवू नये. साठवल्यावर त्यात स्फोटक साका तयार होऊ शकतो. त्याची विल्हेवाट त्याच दिवशी, प्रयोगशाळेच्या जबाबदार व्यक्तीच्या हातूनच व्हायला हवी.